आमची वाटचाल : एका रोबोच्या चॅसिसने शिकवलेले

आमच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या छोट्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात कामाची पद्धत साधी होती. ग्राहकाने फाइल पाठवायची, आम्ही ती स्लायसर या प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून प्रिंट करायची आणि भाग हातात द्यायचा. त्या भागावर कोणता भार येणार आहे, हे आम्ही विचारत नसू. ती पद्धत बदलली ती अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षातील एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पामुळे, आणि त्याहूनही अधिक तिच्या अहवालातील ‘चॅसिसची रचना व चाचण्या’ या प्रकरणामुळे.

तिचा रोबो दोन चाकांचा होता व पुढे आधाराला कॅस्टर होते. बॅटरी आणि सामानासह वजन सुमारे 2 किलो भरत असे. पीएलए या प्लास्टिकची 4 मिमी जाडीची सपाट पट्टी आणि तिच्यावर उभे असलेले मोटारीचे दोन ब्रॅकेट असे सर्व एकाच तुकड्यात आम्ही छापून दिले. पहिल्याच सरावात रोबो भिंतीला धडकला आणि एक ब्रॅकेट मुळापासून तुटला. आम्ही इन्फिल, म्हणजे भागाच्या आतील भरावाचे प्रमाण, 20 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर नेऊन नवा तुकडा दिला, आणि तोही त्याच जागी तुटला.

दुसऱ्या वेळी मात्र आम्ही तुटलेली कड नीट पाहिली. ती गुळगुळीत व सपाट होती. जणू एक थर दुसऱ्यावरून उचलला गेला होता. प्लास्टिक स्वतः फाटले असते, तर कड खडबडीत दिसली असती आणि ताणलेला भाग पांढुरका पडला असता. पट्टी बेडवर आडवी छापल्यामुळे उभ्या ब्रॅकेटमधील थर पट्टीला समांतर रचले जात होते, आणि धडकेचा झटका त्या थरांना एकमेकांपासून ओढत होता. थरांमधील जोड हा अशा भागाचा सर्वांत दुबळा दुवा असतो, आणि आतला पोकळपणा भरून काढल्याने ती दिशा बदलत नाही.

म्हणून ब्रॅकेट पट्टीपासून वेगळे केले, कुशीवर आडवे ठेवून छापले, कोपऱ्याला 3 मिमीची गोलाई दिली आणि एम3 स्क्रूने पट्टीला जोडले. आता नोझलने टाकलेली प्रत्येक रेषा कोपऱ्यातून वळून दोन्ही भुजांमध्ये सलग जात होती. स्क्रूंमुळे वजन थोडे वाढले, परंतु तुटलेला ब्रॅकेट बदलण्यासाठी संपूर्ण चॅसिस पुन्हा छापण्याची गरज उरली नाही.

विद्यार्थिनीच्या मसुद्यात येथे ‘नवी रचना अधिक मजबूत आहे’ एवढेच वाक्य होते. ते पुरेसे नाही, असे आम्ही तिला सांगितले, आणि मग तिने आमच्याच टेबलावर चाचणी घेतली. गोलाईचा परिणाम मिसळू नये म्हणून दोन्ही दिशांचे पाच-पाच ब्रॅकेट एकाच आकाराचे ठेवले. प्रत्येक ब्रॅकेट शिकंज्यात घट्ट पकडून, तळापासून 25 मिमी उंचीवर स्प्रिंग काट्याने तो तुटेपर्यंत ओढला. उभे छापलेले ब्रॅकेट 6 ते 8.5 किलोच्या दरम्यान तुटले, तर आडवे छापलेले 15 ते 17 किलोपर्यंत टिकले. उभ्या नमुन्यांमधील फरक प्रमाणाने मोठा आहे, हे तिने केवळ सरासरी देऊन झाकले नाही. मला त्या प्रकरणातील ती सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते.

पट्टीचा प्रश्न निराळा होता. ती तुटत नव्हती, पण वाकत होती, आणि त्यामुळे खालच्या सेन्सरचे जमिनीपासूनचे अंतर बदलत होते. 160 मिमी अंतरावरील दोन आधारांवर 120 मिमी रुंदीची ती पट्टी ठेवून मध्ये 2 किलो वजन लावले, तेव्हा डायल गेजवर 1.1 मिमी झुकाव दिसला. पट्टी संपूर्ण भरीव मानून केलेल्या गणिताने तो सुमारे 0.9 मिमी येतो. प्रत्यक्ष पट्टी आतून काहीशी पोकळ असल्याने हा फरक समजण्यासारखा होता. जाडी वाढवण्याऐवजी तिने पट्टी 3 मिमीवर आणली आणि खालच्या बाजूने 4 मिमी रुंद व 10 मिमी खोल अशा दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे रिब, लांबीच्या दिशेने दिल्या. छेदाचे क्षेत्रफळ 480 वरून 440 चौरस मिमीवर आले, तरीही त्याच भाराखाली झुकाव 0.21 मिमी इतकाच राहिला, कारण वाकण्याला होणारा विरोध साहित्य किती आहे यापेक्षा ते मध्यरेषेपासून किती दूर आहे यावर अधिक अवलंबून असतो.

प्रकरणाच्या शेवटी तिने चाचण्यांच्या मर्यादाही लिहिल्या. सर्व चाचण्या खोलीच्या तापमानाला झाल्या होत्या, आणि पीएलए सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, त्यामुळे उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत हे आकडे लागू होणार नाहीत. शिवाय भार सावकाश आणि एकदाच लावलेला होता. वारंवार बसणाऱ्या धडका तपासलेल्या नव्हत्या.

त्यानंतर आमच्या मागणीपत्रकात ‘भार कोणत्या दिशेने येणार?’ हा रकाना आला, आणि भार सोसणाऱ्या प्रत्येक भागासोबत थरांची दिशा दाखवणारा बाण काढलेली चिठ्ठी आम्ही देऊ लागलो. रकाना रिकामा असेल, तर प्रिंट सुरू करण्यापूर्वी आम्ही ग्राहकाला फोन करतो.