डब्याचं झाकण

"तू त्या दिवशी 'कोणीच काही बोलत नाही' असं लिहिलंस ना, तेव्हापासून ग्रुप उघडायलाच नको वाटायचं गं." न्यू जर्सीहून दादा आज फोनवर सहज बोलून गेला आणि मला दिवसभर तेच टोचत राहिलं.

मी मेसेज इन्फोत जाऊन कोणी बघितलं ते बघत बसायचे. आणि माझे मेसेज काय, तर "कसे आहात? फोटो टाका ना!" तेही आपल्या सकाळी नऊला, म्हणजे उन्हाळ्यात त्याच्याकडे रात्रीचे साडेअकरा, दमून झोपायची वेळ.

गेले दोन महिने प्रश्न विचारणं बंदच केलंय. रविवारी संध्याकाळी साडेसहाला, तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात, घरातला एकच फोटो आणि खाली दोन ओळी. सणाचे सजूनधजून काढलेले नाहीत, रोजचेच. मागच्या रविवारी आई गच्चीवरच्या वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती तो टाकला. आईच्या गुडघ्याचं मात्र ग्रुपवर नाही लिहिलं, ते त्याला वेगळं फोनवर सांगितलं.

तीन दिवस काही नाही. मग बुधवारी रात्री उशिरा त्याचा मेसेज, "डब्याचं झाकण अजून तेच? मी पाडून चेपवलेलं?"

आईने तो मला तीनदा वाचून दाखवायला लावला.

तुमच्याकडे काय टाकता ग्रुपवर?