कॅबिनेट नव्या खोलीत हलवलं तेव्हा

आमच्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात थुंकीचे आणि बुरशीचे नमुने उघडायला एक बायोसेफ्टी कॅबिनेट आहे, म्हणजे समोर काच आणि तिच्याखाली हात घालायला फट असलेली, गाळलेल्या हवेची पेटी. आमचं क्लास टू, ए-टू प्रकारचं. विभाग वरच्या मजल्यावर गेला तेव्हा तेही हललं. जागेवर बसवून वीज जोडली, ब्लोअर नेहमीसारखा घुमू लागला, आणि खाली नमुन्यांची रांग वाढत होती. तरीही पुन्हा तपासणी झाल्याशिवाय एकही डबी उघडायची नाही, असं आमच्या विभागप्रमुख मॅडमनी ठामपणे सांगितलं. फिल्टर चौकटीत गॅस्केटवर दाबून बसवलेला असतो. उचलताना, जिन्याच्या वळणावर तिरकं करताना त्या सीलला ताण बसतो, आणि तिथे पडलेली फट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वर्षातून एकदा तर तपासणी हवीच, पण जागा बदलली की लगेच हवी.

ती तपासणी मी शेवटपर्यंत शेजारी उभी राहून पाहिली. त्याआधी हवेचा रस्ता नीट समजून घेतला होता, त्याचा फार उपयोग झाला. समोरच्या उघड्या फटीतून खोलीतली हवा आत ओढली जाते, पण ती नमुन्यापर्यंत पोहोचत नाही. पुढच्या काठावरच्या जाळीत शिरून ती खालून मागे आणि मागून वर जाते. वर तिच्या दोन वाटा होतात. साधारण 70 टक्के हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या एका हेपा फिल्टरमधून गाळून पुन्हा खाली, कामाच्या जागेवर सोडली जाते. उरलेली 30 टक्के दुसऱ्या हेपा फिल्टरमधून बाहेर जाते, आणि तेवढीच नवी हवा समोरून आत येते. वरून येणारी गाळलेली हवा नमुना सांभाळते, समोरून आत जाणारी हवा आपल्याला सांभाळते. टिश्यू कल्चरवाल्यांकडच्या आडव्या लॅमिनार फ्लोमध्ये यातला दुसरा भाग नसतो. तिथली हवा नमुन्यावरून थेट आपल्या तोंडावर येते, म्हणून रुग्णाचा नमुना तिथे कधीच उघडायचा नाही.

इंजिनिअर आले आणि त्यांनी सर्वात आधी वेग मोजले. आत जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला 0.51 मीटर भरला, म्हणजे जेवढा हवा तेवढाच. मग फिल्टर. फिल्टरच्या मागच्या बाजूला तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांचं धुकं सोडतात आणि पुढच्या बाजूने फोटोमीटरची नळी संपूर्ण पृष्ठभागावरून, विशेषतः चौकटीच्या कडेने, सावकाश फिरवतात. कुठेही 0.01 टक्क्यापेक्षा जास्त धुकं पार झालं, तर ती गळती. आमच्याकडे गळती सापडली नाही. पुढचा दाबमापक पाहून फिल्टर चांगला आहे असं पुष्कळजण धरून चालतात. पण तो काटा फक्त फिल्टर किती भरला आहे ते सुचवतो, बारीक छिद्र त्याला कळत नाही.

इथवर सगळं उत्तम होतं. मग इंजिनिअरनी धुराची कांडी घेतली आणि फटीच्या कडेकडेने फिरवू लागले. डावीकडे, मध्ये, धूर सरळ जाळीत जात होता. उजव्या कोपऱ्यात मात्र तो आत जाता जाता वळला आणि बाहेर आला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

“मॅडम, हा एसी बंद करा बरं,” ते म्हणाले. एसी बंद केला, धूर सरळ आत गेला.

नव्या खोलीत स्प्लिट एसी बाजूच्या भिंतीवर होता आणि त्याचा झोत तिरका कॅबिनेटच्या उजव्या कोपऱ्यावर येत होता. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. सेकंदाला अर्धा मीटर म्हणजे ताशी दोन किलोमीटरसुद्धा नाही. आपण साधं चालतो तेही याच्या दुपटीहून वेगाने. आपल्याला वाचवणारा हवेचा पडदा इतका मंद असतो, आणि पंखा, एसी, दाराचा झोका किंवा पाठीमागून गेलेला माणूस, कोणीही तो मोडू शकतो. काच पाहून येणारा भरवसा म्हणूनच फसवा आहे.

नमुन्याच्या बाजूने काय होतं तेही मला पाहायचं होतं. एसी चालू ठेवून मी कॅबिनेटमध्ये बुरशी वाढवायच्या सॅबुरो अगारच्या प्लेट्स अर्धा तास उघड्या ठेवल्या, मागे, मध्ये आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत. काही दिवसांनी उजव्या पुढच्या प्लेटवर हिरवट बुरशी उगवली, बाकीच्या स्वच्छ राहिल्या. ज्या कोपऱ्यातून धूर बाहेर येत होता, तिथूनच खोलीतले बीजाणू आत जात होते. बुरशीच्या निदानात हे फार घातक ठरतं. रुग्णाच्या नमुन्यात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी आहे की ती खोलीतून आली, हे अशा वेळी सांगता येत नाही.

एसी समोरच्या भिंतीवर, कॅबिनेटपासून दूर नेला. छताचा पंखा काढून टाकला. दार कॅबिनेटच्या अगदी जवळ होतं. ते हलवणं शक्य नव्हतं, म्हणून काम चालू असताना बाहेर पाटी लावतो आणि आत-बाहेर करणं थांबवतो. मग धुराची चाचणी पुन्हा घेतली, या वेळी एसी चालू ठेवून, आणि चारही कडांना धूर आत गेला. त्यानंतरच नमुने वर आणले.

पण हा पडदा आपले हातही मोडतात. तो धूर पाहिल्यापासून आमच्याकडे कामाची पद्धत सगळ्यांना पटली, आधी ती फक्त पाळली जायची. ब्लोअर आधी पाच मिनिटं चालू ठेवतो. लागेल ते सगळं, टाकाऊ वस्तूंचा डबासुद्धा, सुरुवातीलाच आत ठेवतो, कारण दर वेळी हात बाहेर काढला की त्याच्यामागून हवा बाहेर ओढली जाते. हात सरळ आत घालायचे, आडवे फिरवायचे नाहीत, आणि प्रवाह पुन्हा सावरायला मिनिटभर थांबायचं. पुढच्या जाळीवर कोपर नाही, वही नाही, टिश्यूही नाही. काम जाळीपासून किमान 10 सेंटीमीटर आत, तेही डावीकडच्या स्वच्छ बाजूकडून उजवीकडच्या दूषित बाजूकडे. बर्नर आम्ही बंदच केला. ज्योतीची गरम हवा वर उठते आणि खाली येणारा स्वच्छ प्रवाह विस्कटते, शिवाय वर फिल्टर आहेच. नमुना उचलायचे लूप ज्योतीत तापवावे लागत, पण वापरून टाकायचे लूप आता सगळीकडे मिळतात.

एका गोष्टीवर आमच्या तंत्रज्ञ ताईंशी बराच वेळ बोलावं लागलं. फॉर्मॅलिनचं काम याच कॅबिनेटमध्ये करावं असं त्यांचं म्हणणं होतं, “आतली हवा गाळली जाते ना?” हेपा फिल्टर कण अडवतो, 0.3 मायक्रॉनचे कणसुद्धा 99.97 टक्के. पण वाफ म्हणजे कण नव्हे, ती फिल्टरमधून आरपार जाते. आमच्या कॅबिनेटची बाहेर पडणारी हवा खोलीतच येते, तर फॉर्मॅलिन फिरून आपल्याच नाकात येणार. ते काम आता वाफ ओढून बाहेर नेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये होतं.

रोज सकाळी काचेच्या खालच्या कडेला टिश्यूची बारीक पट्टी धरून ती आत ओढली जाते का ते ताई पाहतात आणि वहीत नोंदवतात. कोपऱ्यातली गडबड त्यात कळेलच असं नाही. म्हणून खोलीत कपाट सरकवलं किंवा एसीची दिशा बदलली, तरी धुराची कांडी पुन्हा बाहेर काढायची, असं पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे.