थंडच आहे ना, मग काळजी कसली?

औषधांच्या होलसेलमध्ये मी बारा वर्षं फार्मासिस्ट आहे. आमचं गोडाऊन मिरजेत. त्यात मागच्या बाजूला सहा बाय आठची वॉक-इन कूलर रूम आहे. इन्सुलिन, लसी, डायलिसिसच्या पेशंटची एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनं, असा २ ते ८ अंशांत ठेवायचा सगळा माल तिथे असतो. इतक्या वर्षांत आम्ही भीती बाळगली ती एकाच गोष्टीची: लाइट जाईल आणि खोली तापेल. डिझेल किती आहे, जनरेटर लगेच उचलतो का, हे रोज बघायचं. खोली गार पडून माल मरेल हा विचार कधी मनात आलाच नाही.

मे महिन्यातली संध्याकाळ. पावणेसातला वळवाचा पाऊस आला, आणि त्याआधी वाऱ्याने लाइटचा खेळ सुरू झाला. जायची, यायची, परत जायची. ट्यूब फडफडत होत्या आणि पॅनेलमधून कटकट कटकट असा आवाज येत होता. तीनचार मिनिटांनी जनरेटर लागला. मी जाऊन डिस्प्ले पाहिला. ५.१ होतं, थोडं चढून ६.२ झालं आणि मग उतरू लागलं. साडेआठला मी समाधानाने घरी गेले. त्या कटकटीत काय होऊन बसलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्या खोलीत तापमान नोंदवणाऱ्या लॉगरची तीन टोकं आहेत. पहिलं दाराशी, दुसरं मधल्या रॅकवर, तिसरं मागे, हवा गार करणाऱ्या कॉइलच्या समोर. रात्री १०.५२ ला मोबाइलवर मेसेज आला: `LOW TEMP P3 1.9 C`. मी वॉचमन मामांना फोन लावला.

"मामा, कूलरच्या डिस्प्लेवर किती दिसतंय?"

"दोन पॉइंट सहा, मॅडम. भोंगा वाजत होता, मी बंद केला. थंडच आहे, मशीन चालू आहे."

२.६ म्हणजे मर्यादेत. मी म्हटलं, दार दहा मिनिटं उघडं ठेवा आणि मग लावून घ्या. त्यांनी ठेवलं. पंधरा मिनिटांत अलार्म मिटल्याचा मेसेज आला, मी फोन चार्जिंगला लावला आणि झोपले.

त्या फोनवर उत्तर माझ्यासमोर आलं होतं, आणि मी ते ऐकलंच नाही. आमचा कंट्रोलर ३ अंशांवर कॉम्प्रेसर बंद करतो. डिस्प्ले २.६ दाखवत असेल तर मशीन बंद असायला हवं. मामा तर सांगत होते, "मशीन चालू आहे." पॅनेलवरचा कॉम्प्रेसरचा हिरवा दिवा पेटलेला आहे की विझलेला, आणि बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय का, एवढे दोन प्रश्न विचारले असते तर उलगडा झाला असता. दिवा विझलेला आणि पंखा फिरतोय, याचा अर्थ कंट्रोलरने थांब म्हटलंय आणि मशीन थांबत नाहीये.

दार उघडल्याचा परिणामही उलटाच झाला. दाराकडची हवा तापली आणि ती दाराजवळच्या सेन्सरला लागली. डिस्प्लेचा सेन्सर तिथेच आहे. मागे कॉइलच्या तोंडाशी ठेवलेले खोके गारच राहिले, वर मे महिन्यातली दमट हवा आत शिरून कॉइलवर बर्फ धरायला लागला. भोंगा तर मामांनी म्यूट केला होता, आणि आमच्या पॅनेलवर म्यूट एकदा दाबला की रीसेट करेपर्यंत तो गप्पच राहतो. मामांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या केबिनमधल्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "तापमान ८ च्या वर गेल्यास ताबडतोब फोन करणे." खाली गेल्यास काय करायचं, ते कुणी लिहिलंच नव्हतं.

पहाटे ५.३५ ला फोन हातात घेतला. नऊ मेसेज. शेवटचा उणे ३.४.

मी मामांना फोन करून आधी कूलरचा एमसीबी खाली पाडायला लावला. दार उघडू नका, हे दोनदा बजावलं. मग विचारलं, सकाळची गाडी?

"गेली की, साडेपाचला."

गाडीत जयसिंगपूरच्या दोन दुकानांचं इन्सुलिन होतं, ४८ कार्ट्रिज, तेही मागच्या रॅकवरचं. ड्रायव्हर पोराला फोन लागेपर्यंत त्याने पहिल्या दुकानात १२ दिले होते. ते चोवीस तास चालणारं मेडिकल. मी दुकानदाराशी बोलले, बिल नंबर आणि बॅच सांगितली, आणि ते बारा फ्रीजमधून काढून तसेच वेगळे ठेवायला लावले. एकही विकलं गेलं नव्हतं. पोरगा सातला सगळे ४८ परत घेऊन आला. त्या सकाळी माझे हात कापत होते, ते या बारा कार्ट्रिजपायी.

लॉगर डाउनलोड केला. मागच्या रॅकवर तापमान १.३५ ला शून्याच्या खाली गेलं आणि ६.२५ पर्यंत खालीच राहिलं, म्हणजे चार तास पन्नास मिनिटं. मधल्या रॅकवर दोन तास पन्नास मिनिटं, तळ उणे १.२. दाराशी मात्र सगळ्यात कमी १.१. एकाच सहा बाय आठच्या खोलीत साडेचार अंशांचा फरक!

मेकॅनिक आठला आला. पॅनेल उघडून कॉम्प्रेसरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरवर त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं, आणि आतून टक् असा आवाज होऊन तो सुटला. खोलून मला दाखवला तेव्हा आतले पॉइंट काळे पडून एकमेकांना चिकटल्याच्या खुणा दिसत होत्या. संध्याकाळी लाइट फडफडताना जी कटकट ऐकू आली ती याचीच. व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टर सुटतो, आलं की ओढला जातो, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर सुरू होतानाचा मोठा करंट त्या पॉइंटवरून जातो. ठिणग्या पडून पडून धातू वितळतो आणि पॉइंट वेल्ड होतात. मग कंट्रोलरने कितीही "बंद" म्हटलं तरी वीज जातच राहते. नवीन कॉन्टॅक्टर सोळाशे रुपयांना आला.

आता माल. खोलीत ३,१८० नग होते. सगळ्यावर "विक्रीस नाही" च्या चिठ्ठ्या लावून आम्ही तो दुसऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या कूलरमध्ये वेगळ्या रॅकवर हलवला. शेठ आले, त्यांनी इन्सुलिनचं एक खोकं उघडून उजेडात धरलं. "हे तर पाण्यासारखं स्वच्छ आहे. गोठलं असतं तर दिसलं नसतं का?"

इथेच सगळी गोम आहे. साधं, पारदर्शक इन्सुलिन गोठून पुन्हा वितळलं तरी डोळ्यांना तसंच दिसू शकतं. लसीच्या बाटलीवरचा व्हीव्हीएम, तो रंग बदलणारा चौकोन, फक्त उष्णता मोजतो. गोठण्याबद्दल तो काहीच सांगत नाही. आमच्याकडचे सगळे चौकोन छान फिके होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. त्यातून उणे एकदोन अंशांना प्रत्येक बाटली गोठतेच असंही नाही. द्रव शून्याखाली जाऊनही काही वेळ द्रवच राहू शकतो. त्यामुळे एका खोक्यातली एक बाटली गोठते, शेजारची नाही.

दुधाळ रंगाच्या मिक्स इन्सुलिनने मात्र चुगली केली. कॉइलसमोरच्या खोक्यातली एक कार्ट्रिज मी तळहातांमध्ये फिरवली. चांगलं असेल तर ते एकसारखं पांढरं होतं. हिच्यात घुसळलेल्या ताकात लोण्याचे कण तरंगावेत तसे कण होते आणि काही काचेला चिकटून बसले होते. शेठनी ती बराच वेळ बघितली, आणि मग काही बोलले नाहीत.

लसींसाठी मी शेक टेस्ट केली, शेठच्या मनातली उरलीसुरली आशा फिटावी म्हणून. धनुर्वात-घटसर्पाच्या एकाच बॅचच्या पाच बाटल्या घेतल्या. एक मुद्दाम डीप फ्रीझरमध्ये दगड होईपर्यंत गोठवली आणि वितळू दिली. ही आपली तुलनेची बाटली. मग पाचही दहापंधरा सेकंद हलवून टेबलावर ओळीने ठेवल्या. या लसीत ॲल्युमिनियमचं मीठ असतं. ते गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि ते भराभर तळाला बसतं. मधल्या रॅकवरच्या चारपैकी दोन बाटल्या अर्ध्या तासानंतरही गढूळ होत्या. उरलेल्या दोघींचा साका मुद्दाम गोठवलेल्या बाटलीइतक्याच वेगाने खाली बसला, वर निवळ पाणी. चारही एकाच खोक्यातल्या. यातल्या कोणत्या द्यायच्या आणि कोणत्या नाही, हे प्रत्येक बाटली तपासून ठरवता येत नाही. शिवाय ही चाचणी ॲल्युमिनियम असलेल्या लसींपुरतीच; इन्सुलिनला किंवा इंजेक्टेबल पोलिओला ती चालत नाही.

निर्णय स्टॉकिस्टने घ्यायचा नसतोच. प्रत्येक कंपनीच्या क्वालिटी विभागाला बॅच नंबर, कोणत्या रॅकवर होतं, आणि लॉगरचा पूर्ण ग्राफ मेलने पाठवला. एफडीएलाही कळवलं. बारा दिवसांत उत्तरं आली. दाराजवळच्या रॅकवरचा माल शून्याखाली गेलाच नव्हता, त्यातले १,०४० नग लेखी परवानगीने सोडले. बाकी २,१४० बाद झाले. त्यात १,३६५ इन्सुलिनचे, ४१८ लसींचे, २१२ एरिथ्रोपोएटिनचे आणि उरलेले किरकोळ महागडे. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या पुडीला गोठण्याने काही होत नाही, पण पॅकमध्ये सोबत असलेल्या पाण्याच्या अँप्युल तडकू शकतात, म्हणून कंपनीने तेही पॅक परत घ्यायला नकार दिला आणि सोडायलाही.

खरेदी किमतीने नुकसान साडेबारा लाखांच्या आसपास. आगीच्या पॉलिसीत मशीन बिघडून झालेलं नुकसान बसत नव्हतं. नष्ट केलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिटही उलटवावं लागलं, ते वेगळंच. माल जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत गेला तेव्हा मी वजनाची पावती घ्यायला उभी होते. हॉस्पिटलांना चारपाच दिवस सांगली-कोल्हापूरहून माल मागवून दिला.

नंतर केलेले बदल तीनच. कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये कंट्रोलरशी काही संबंध नसलेला दुसरा थर्मोस्टॅट आणि त्याचा स्वतंत्र कॉन्टॅक्टर बसवला. मागचं टोक २.५ ला आलं की तो वीज तोडतो. लाइट आल्यावर तीन मिनिटं काही सुरूच होऊ नये असा टाइमर लावला. आणि कॉइलसमोरच्या दीड फुटात माल ठेवणं बंद केलं. मामांच्या केबिनमधला कागदही बदलला. त्यावर आता दोन ओळी आहेत. ८ च्या वर: जनरेटर बघा, फोन करा. ३ च्या खाली: हिरवा दिवा बघा, बाहेरचा पंखा बघा, फोन करा, दार उघडू नका.

गेल्या डिसेंबरात रात्री एकला फोन वाजला. मेसेज यायच्या आधी.

"मॅडम, दोन पॉइंट आठ. दिवा बंद आहे, पंखापण बंद आहे. दार उघडलेलं नाही."

बाहेरच थंडी होती. सकाळपर्यंत २.६ च्या खाली गेलं नाही.