रूम रेंटपुढे टिकमार्क का नाही

"तीन प्लॅन, समोर हिरवे टिक, संपलं! बिलाचं गणित कशाला घालता चित्रात?"

आरोग्य विम्याच्या प्लॅनची तुलना करणाऱ्या माझ्या तक्त्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वेटिंग पीरियड, डे-केअर, नो क्लेम बोनस, या ओळींत टिक किंवा आकडा पुरतो. माझं भांडण एकाच ओळीशी आहे.

दादरच्या एका एजंटकाकांचा जुना तक्ता होता. 'रूम रेंट'समोर हिरवा टिक, त्याला चांदणी, तळाशी बारीक अक्षरांत 'विमा रकमेच्या १ टक्का'. व्हॉट्सॲपवर फोटो गेला की तळाची ओळ धूसर व्हायची. नव्या तक्त्यासाठी मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा एक ग्राहक क्लेमचं पत्र घेऊन आले. पॉलिसी ५ लाखांची, म्हणजे खोलीला रोज ५,०००. आईला चार दिवस ८,००० च्या खोलीत ठेवलेलं.

"रोजचे वरचे तीन हजार, म्हणजे बारा हजार मी भरणारच होतो. हे ५७ हजार कुठून आले?"

बिल २ लाखांचं. खोली ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी १,२०,०००, औषधं, तपासण्या व इम्प्लांट ४८,०००. खोली मर्यादेबाहेरची घेतली की खोलीच्या वर्गानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापतात. ८,००० ला ५,०००, म्हणजे रुपयातले पाच अष्टमांश मिळतात, म्हणून १,२०,००० चे झाले ७५,०००. हे कापलेले ४५,००० आणि खोलीचे १२,०००, मिळून ५७,०००. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. हॉस्पिटल खोलीनुसार दर बदलत नसेल तर इतर खर्चांनाही नाही. इथे बदलत होते.

काकांनी पॉलिसी उघडून बोट ठेवलं. "लिहिलंय की, साहेब." लिहिलेलं होतंच! ते गृहस्थ ती ओळ दोनदा वाचून निघून गेले.

तेव्हापासून मी त्या ओळीत पट्ट्या काढते. बिल एकच, २ लाखांचं, लाल भाग तुमच्या खिशातला. मर्यादेचा प्लॅन ५७,०००. मर्यादा नाही पण २० टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला तेवढा वाटा ग्राहकाचा, त्याला ४०,०००. दोन्ही नसलेला शून्य. ग्लोव्हज, सिरिंजसारखा न मिळणारा खर्च वेगळा, हेही पट्टीशेजारीच.

आता तुम्ही म्हणाल, बिल मीच निवडलं. खरंय. खोली ५,००० ची घेतली तर पहिल्याचं काही कापत नाहीत आणि को-पेवाल्याचे वीस टक्के सुटत नाहीत, क्रम उलटतो. म्हणून खाली दुसरी पट्टी, मर्यादेतल्या खोलीची. पूर्वी मीच म्हणायचे की लोकलमध्ये उभ्याने वाचून होईल एवढंच चित्रात असावं. ते मत अजून पुरतं सोडवत नाही, पण तिसरी पट्टी नक्की घालणार नाही.

काका म्हणतात, "तुझ्या लाल रंगामुळे सगळे महागडा तिसराच मागतात. मग तू कुठली निष्पक्ष?" मी प्रीमियम त्याच ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापते. त्यांचं समाधान होत नाही. माझंही अर्धवटच होतं.