फोंड्याच्या त्या घरातली चाचणी

भाषा सर्वेक्षणाचं काम म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही दारोदार जाऊन "तुम्हाला शेजारची भाषा कळते का?" असं विचारतो. त्या प्रश्नाला काही किंमत नाही. उत्तरात अभिमान बोलतो, कधी राग बोलतो, कळणं किती ते बाजूलाच राहतं. आम्ही गोष्ट ऐकवतो. एखाद्या माणसाने स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगितलेला, दोन-तीन मिनिटांचा. त्यात जागोजागी प्रश्न घातलेले, आणि ते ऐकणाऱ्याच्या भाषेत. माहिती कानावर पडली की लगेच प्रश्न येतो, कारण तपासायचं आहे ते कळणं, स्मरणशक्ती नाही. आणि गोष्ट आधी तिच्याच भाषेच्या लोकांना ऐकवायची. ज्या प्रश्नावर तेच अडखळतात तो प्रश्न वाईट, तो काढून टाकायचा. ही पायरी टाळणाऱ्यांचे आकडे मी वाचतसुद्धा नाही.

त्या दिवशी गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका घरात बसलो होतो. गोष्ट साताऱ्याकडच्या मराठीतली, ऐकणारे घरचे तिघे: आजी, तिचा मुलगा आणि इंग्रजी माध्यमात शिकणारा नातू. तिघंही घरात एकच कोकणी बोलतात. आजी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत होत्या. मुलाचंही जवळपास सगळं बरोबर. नातू मात्र पहिल्या काही वाक्यांनंतर मागे पडला. शेताच्या बांधावरून झालेलं भांडण त्याला कळलं, पण कोण कोणावर रागावलं हे सांगता येईना.

भाषा जवळच्या असल्यामुळेच जर कळत असतं, तर एका घरात, एकाच बोलीवर वाढलेल्या तिघांत एवढा फरक पडला नसता. आजी मराठी शाळेत चार इयत्ता शिकल्या, रोजचा पेपर मराठी, देवळातलं कीर्तन मराठी. त्यांचं कळणं कमावलेलं आहे. आमच्या कामात ते ओळखायची खूणच ही: गटातल्या सगळ्यांचे गुण साधारण सारखे आले तर कळणं भाषांच्या जवळिकीतून आलेलं, आणि कुणाला पैकीच्या पैकी तर कुणाला निम्मे पडले तर ते सहवासातून आलेलं.

दुपारी उलट चाचणी घेतली. साताऱ्याहून येऊन इथल्या कारखान्यात काही वर्षं राबणारा एक तरुण. हेडफोन लावायच्या आधीच म्हणाला, "कोकणी म्हणजे मराठीच की, मॅडम." गोष्टीत एक वाक्य होतं: "चेड्याक जोर आयलो म्हूण बापूय रातभर जागो रावलो." बाप का जागला, विचारलं. "पोराच्या अंगात ताकद आली, म्हणून खुशीत." इथे जोर म्हणजे ताप. तो थांबला नाही, अडखळला नाही, म्हणून हे उत्तर मला जास्त बोलकं वाटतं. हाच शब्द मराठी गोष्टीत आला असता तर आजी फसल्या नसत्या, त्यांना दोन्ही अर्थ ठाऊक होते.

एवढी वर्षं राहूनही त्याला कोकणी का येत नाही, याचं उत्तर त्याच्या रोजच्या दिवसात आहे. दुकानदार, मुकादम, घरमालकीण सगळे त्याच्याशी लगेच मराठीत किंवा हिंदीत बोलू लागतात. आजीसुद्धा माझ्याशी पूर्ण वेळ मराठीच बोलत होत्या. ज्याला दोन्ही येतात तो समोरच्याची भाषा उचलतो, आणि ज्याला एकच येते त्याच्या कानावर दुसरी पडतच नाही. असा हा एकतर्फीपणा टिकतो.

संध्याकाळी आमच्या वरिष्ठांशी वाद झाला. त्यांनी गोव्याच्या गटाची सरासरी काढली आणि शेरा लिहिला: "कोकणी भाषकांना मराठी सहज कळते, दोन्ही भाषा अत्यंत निकटच्या." सरासरीत नातू गडप झाला. मला याची चीड येते, कारण गोव्यातल्या लोकांना मराठी कळते, सबब कोकणी ही मराठीची बोली, हा युक्तिवाद गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या 1967च्या जनमत कौलाच्या आसपासही जोरात चालला होता. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, तरी तो अजून ऐकू येतो. शाळेने आणि देवळाने शिकवलेलं कळणं जवळिकीचा पुरावा म्हणून मांडणं चूक आहे.

भाषांमधलं खरं अंतर मोजायचं तर ज्याच्या कानावर दुसरी भाषा पडलेलीच नाही असा ऐकणारा लागतो. मराठीच्या बाजूने तो घाटावर सापडतो. सिंधुदुर्गातला चालत नाही, कारण मालवणी बोलणाऱ्याला गोव्याची कोकणी बरीचशी उमगते. गोव्यात तो सापडणं कठीण. नातूसुद्धा पुरा कोरा नाही, घरी टीव्हीवर मराठी मालिका चालूच असते. म्हणून अहवालात सरासरीच्या शेजारी प्रत्येकाचं वय, शाळेचं माध्यम आणि गुण यांचा तक्ता जोडावा, असं मी लेखी कळवलं आहे. वरिष्ठ म्हणतात, तक्ता कोण वाचतो.