ऑइलमधली चांदी

जाहिरातीच्या फोटोसाठी मला आलेलं ब्रीफ एका वाक्यात मावणारं होतं. दुचाकीच्या इंजिन ऑइलची बाटली, मागे खरं गॅरेज, बाटलीच्या उजव्या बाजूने उसळलेला धातूसारखा स्प्लॅश, आणि समोर लेबलसाठी मोकळी जागा. सोबत एजन्सीने काही परदेशी जाहिराती जोडल्या होत्या. त्या सगळ्यांत चंदेरी, आरशासारखं काहीतरी हवेत थांबलेलं होतं.

लेबलची जागा मोकळी, कारण लेबल मंजूरच झालेलं नव्हतं. ऑइलच्या कामात हे नेहमीचं. ग्रेड, मान्यता, दावे यांवर शेवटच्या आठवड्यापर्यंत घासाघीस चालते आणि फोटोग्राफरच्या हातात येते कोरी डमी बाटली. बाहेरच्यांना वाटतं की कोरी बाटली म्हणजे सोपं काम. खरं तर तेच जास्त किचकट. नंतर चिकटवलेलं लेबल चिकटवलेलं वाटू नये, तर त्या जागेवर प्रकाश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू उतरत गेला पाहिजे. मधेच पांढरा फटक झोत पडला तर त्याच्याखाली छापील लाल रंग बसवता येत नाही. स्प्लॅशची सावली तिथे नको, थेंब नको. कॅमेरा लेबलच्या बरोबर मध्याच्या उंचीला हवा आणि लेन्स लांबची हवी, म्हणजे बाटलीच्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकत नाहीत. आणि बाटलीचं पोट किंचित गोल असतं, म्हणून मी त्या जागेवर चौकटी आखलेला कागद चिकटवून एक जादा फ्रेम घेते. डिझायनरला लेबल कुठे किती वळवायचं ते त्या रेघांवरून कळतं. ही फ्रेम मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि मागायचं कोणाला सुचत नाही, म्हणून मग बाजारात सपाट लेबलं लावलेल्या गोल बाटल्या दिसतात.

गॅरेज भोसरीच्या बाजूचं होतं. चालवणारे काका साठीच्या आसपासचे. आम्ही बाटली, मागचं गॅरेज आणि स्प्लॅश असे वेगवेगळे फोटो काढून नंतर जोडणार होतो. कारण साधं आहे. स्प्लॅश गोठवायला जे सेटिंग लागतं त्यात गॅरेजच्या ट्यूबलाइट दिसतच नाहीत, सगळं काळंकुट्ट येतं. गॅरेजला काही सेकंदांचं एक्स्पोजर द्यावं लागतं. तेवढ्यात कॅमेरा केसभर हलला तरी जोड दिसतो, म्हणून ट्रायपॉडचे पाय फरशीला टेपने चिकटवलेले होते.

स्प्लॅशसाठी मी बरोबर आणलेलं मिश्रण पाण्याचं होतं. जाहिरातीत दिसणारं ऑइल बहुतेक वेळा ऑइल नसतं. खरं ऑइल ४० अंशांनाही पाण्याच्या शंभरपटीहून जास्त घट्ट असतं, थंड असताना तर आणखीच. ते फेकलं की त्याचे दोर होतात, पडदा उघडत नाही. म्हणून पाण्यात थोडं घट्टपण आणणारं काहीतरी, रंग, आणि चकाकीसाठी पर्ल पावडर घालतात. पर्ल पावडर म्हणजे अभ्रकाचे अतिशय बारीक पापुद्रे, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर. हे पापुद्रे तळाला बसतात, त्यामुळे माझा असिस्टंट प्रत्येक फेकीआधी टब ढवळत होता.

प्रकाशाचं गणित इथे सांगते, कारण यात फार जण फसतात. कपातून फेकलेला द्रव साधारण सेकंदाला ३ मीटर वेगाने जातो. फ्लॅश सेकंदाचा हजारावा भाग पेटला, तर तेवढ्या वेळात थेंब ३ मिलिमीटर सरकतो आणि प्रत्येक थेंबाला शेपूट येतं. दहा हजाराव्या भागात विझला तर ०.३ मिलिमीटर, म्हणजे कडा स्वच्छ. लोक मोठे, महागडे स्टुडिओ फ्लॅश घेऊन बसतात आणि पॉवर कमी करतात. जुन्या बनावटीच्या बऱ्याच मोठ्या फ्लॅशमध्ये पॉवर कमी केली की ते उलट जास्त वेळ जळतात. कॅमेऱ्यावर लावायचे छोटे फ्लॅश मात्र पॉवर कमी केली की लवकर विझतात. मी तसले छोटे फ्लॅश एकत्र बांधून १/३२ पॉवरवर चालवते. इथे शटरचा काही संबंध नाही, हे आर्ट डायरेक्टर मंडळींना कितीही वेळा सांगितलं तरी ते शटर स्पीडच विचारतात.

दुपारपर्यंत चंदेरी स्प्लॅश मिळाला होता. एजन्सीचा मुलगा लॅपटॉपसमोर खूश होता. काका चहा घेऊन आले, स्क्रीनकडे बघितलं, मग टबात वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "ताई, हे कुठल्या इंजिनातून काढलंत?"

मी म्हणाले, "काका, हे खोटं आहे, फोटोपुरतं."

"ते कळलं हो. पण दिसतंय बेअरिंग गेलेल्या इंजिनाचं. असं ऑइल निघालं तर मी गाडी मालकाला फोन करतो, की इंजिन उघडावं लागेल."

एजन्सीचा मुलगा हसला. काका हसले नाहीत. त्यांच्याकडे खडखड आवाजाची एक बाइक आली होती, तिचं काढलेलं ऑइल कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये होतं. त्यांनी त्यात बोट बुडवलं आणि मला गॅरेजच्या शटरपाशी उन्हात नेलं. बोट तिरकं केलं तसे काळ्या ऑइलमध्ये बारीक चांदीचे ओघळ दिसले, सरकणारे, मधेच लुकलुकणारे. माझ्या टबात होते अगदी तसेच. मग त्यांनी थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर ओतलं आणि कागदाखालून चुंबक फिरवलं. काही कण चुंबकामागे ओढले गेले, बरेचसे जागचे हलले नाहीत. ओढले गेले ते पोलादाचे, म्हणजे गिअर किंवा बेअरिंगचे. जे हलले नाहीत ते बहुधा ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनकडे किंवा इंजिनाच्या आतल्या भागांकडे बघायचं. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला अशी थोडी चकाकी असतेच, ते म्हणाले, सगळे भाग एकमेकांवर बसत असतात, तिची काळजी नाही. त्यानंतर दिसली तर मात्र काहीतरी झिजतंय. आणि कण नुसते चकाकत नाहीत, बोटांत चोळल्यावर खरखर लागली, तर वाट बघायचीच नाही, इंजिन उघडायचं.

गेली बरीच वर्षं मी बाटल्या, डबे, ट्यूब यांचे फोटो काढते आहे. वस्तू वापरणाऱ्याच्या डोळ्यांना माझा फोटो नेमका उलटा अर्थ सांगेल, हे इतकं स्वच्छ मला कधी कोणी दाखवलं नव्हतं. आणि काकांचं म्हणणं मला फोटोच्या भाषेतही पटलं. धातू म्हणून आपल्याला जे दिसतं ते कण नसतातच. धातूच्या आत प्रकाश जात नाही, म्हणून पृष्ठभागावर फक्त प्रतिबिंबं असतात: पांढऱ्याला लागून एकदम काळं, मधला करडा जवळजवळ नाही. लुकलुकणारे ठिपके म्हणजे चुरा. सलग वळणारी पांढरी-काळी पट्टी म्हणजे धातू. ही पट्टी स्वच्छ, पारदर्शक ऑइलवरही आणता येते, प्रकाश तसा लावला तर.

एजन्सीच्या मुलाला मी सांगितलं की संध्याकाळपर्यंतचा वेळ द्या, पैसे वाढवत नाही. काकांनी नव्या ऑइलचे डबे झाकण घट्ट लावून गरम पाण्याच्या बादलीत ठेवले. शेगडी नको म्हणाले, कारण ऑइल २०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय पेट घेण्याजोगी वाफ सोडत नसलं तरी गॅरेजमध्ये पेट्रोल असतंच. झाकणाबाबतही ते कडक होते. पाणी शिरलं की ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं, आणि तेही खराब इंजिनाचंच लक्षण.

समोरून बघितलं तर ऑइल त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचे शंभरातले चार भागही परत फेकत नाही. पण कडेकडून, अगदी तिरकं बघितलं तर ते आरशासारखं वागायला लागतं. म्हणून दोन्ही बाजूंना, जरा मागच्या अंगाला, थर्माकोलच्या उंच शीट उभ्या केल्या आणि फ्लॅश त्यांच्यावर मारले. दोन शीटच्या मधे काळं कापड. म्हणजे ऑइलच्या प्रत्येक वळणावर आधी पांढरं, लगेच काळं. स्प्लॅश जिथे येणार तिथे मागे एक छोटा सोनेरी कार्ड तिरपा ठेवला, त्याचा उजेड ऑइलमधून आरपार येऊन आतला मधासारखा रंग उजळत होता. बाटलीच्या जागी काळा रंग मारलेली दुसरी डमी ठेवली, म्हणजे ऑइल खऱ्या आकारावर आपटून फुटेल आणि कापून घेताना कडा स्वच्छ मिळेल.

कोमट ऑइलचा पडदा पाण्यासारखा मोठा उघडत नाही, आणि फुटला की थेंबांऐवजी लांब तंतू सुटतात. पण फरशीवर भुसा पसरून, पुन्हा पुन्हा फेकून, शेवटी एक पडदा असा आला की त्याची वरची कड बाटलीच्या खांद्याला वळसा घालून गेली आणि लेबलच्या जागेवर एकही तंतू आला नाही. कडा पोलादी, आत सोनेरी, कण एकही नाही. काका स्क्रीनसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे गाडीत टाकीन."

क्लायंटला दोन्ही पाठवले. त्यांनी चंदेरी निवडला.

आर्ट डायरेक्टरचं कारण खोटं नाही. मोबाइलवर अंगठ्याएवढ्या चित्रात चंदेरी स्प्लॅश लगेच दिसतो, सोनेरी मागच्या गॅरेजमध्ये हरवतो. बाइक चालवणारा काही ऑइलमध्ये कण शोधत नाही, हेही खरं. पण हे पोस्टर फक्त मोबाइलवर राहणार नाही, ते गॅरेजच्या भिंतींवर लागणार आहे. तिथे ऑइल कोण निवडतं? बाइकवाला बहुतेक वेळा म्हणतो, "काका, तुम्हीच टाका कुठलंही चांगलं." म्हणजे ज्या माणसाच्या हातात निवड आहे, त्याच्याच डोळ्यासमोर आपण झिजलेल्या इंजिनाचं लक्षण आठ फुटांवर टांगतो आहोत. हे मी मीटिंगमध्ये बोलले. उत्तर आलं की मेकॅनिक एवढा विचार करत नाहीत. ज्यांना हे वाटतं ते गॅरेजमध्ये कधी चहा प्यायला थांबलेले नसावेत.

मागच्या आठवड्यात लेबलची मंजूर फाइल आली. चौकटीच्या फ्रेममुळे ते बाटलीवर छान बसलं, कडेचा उजेडही नीट मिळाला. लेबलवरची सर्वांत मोठी ओळ झिजेपासून संरक्षणाची आहे, आणि तिच्या उजव्या कडेपासून दोन बोटांवर तो कणाकणांनी चमकणारा स्प्लॅश सुरू होतो. मी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून, काकांनी कागदावर चुंबक फिरवलं तेव्हा घेतलेल्या फोटोसकट, एजन्सीला पुन्हा पाठवली आहेत. छपाईला अजून वेळ आहे.