फळीला पोट सुटलं

आमच्या हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटाची मधली फळी झोळीसारखी लोंबतेय हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. मी म्हटलं, तुला भास होतोय. तर ती शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन आली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, फळीच्या खालच्या कडेला ताणून लावलं आणि म्हणाली, आता बघ. मधोमध फळी दोऱ्याला 14 मिलिमीटर खाली ढकलत होती. आता काय बोलणार.

फळी तीन फुटी, 18 मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डची. तिच्यावर दिवाळी अंक, जाड कादंबऱ्या आणि बाबांचे जुने शब्दकोश. पुस्तकं पिशवीत भरून वजनकाट्यावर ठेवली तर बावीस किलो. म्हणजे चौथीतलं एक किरकोळ पोरगं चोवीस तास फळीवर बसलेलं आहे, आणि ते चार वर्षांत एकदाही उठलेलं नाही!

ते न उठणं महत्त्वाचं आहे, कारण पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिकट रेझिन दाबून केलेली वडी, तिच्यावर कायमचं वजन राहिलं की ती पहिल्या दिवशी थोडी वाकते आणि मग महिनोन्महिने हळूहळू वाकतच राहते, पावसाळ्यात जरा जास्तच. वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. मी आधी सगळ्यांचा आवडता उपाय केला, फळी उलटी करून पोट वर ठेवलं. वर्षभर छान दिसली, मग पोट पुन्हा खाली.

पिनांचंही तसंच. फळी ज्या चार पिनांवर टेकते त्या माझ्याकडे प्लास्टिकच्या होत्या. फळी सरळ असते तेव्हा वजन पिनेच्या अख्ख्या लांबीवर बसतं, पण ती वाकली की उतरती होते आणि सगळा भार पिनेच्या आतल्या टोकावर येतो, मग पिन पहारीसारखी भोकाला उचकते. एका पिनेचं भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं आणि खाली भुसा सांडलेला. हा भुसा दिसला की ताबडतोब पुस्तकं उतरवा. मी पिना धातूच्या आणल्या आणि बिघडलेलं भोक सोडून चारही पिना एक भोक वर घेतल्या.

आता खरा इलाज. सुतारकाका म्हणाले, जाड फळी टाका. हिशोब त्यांच्या बाजूनेच आहे, कारण जाडी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट नाही, आठपट होतो, 18 ऐवजी 25 घेतली तरी जवळजवळ पावणेतीन पट. (दोन फळ्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर मात्र दुप्पटच, त्या एकमेकींवर घसरतात, नीट चिकटवल्या तरच आठपट.) आणि लांबीचा हिशोब तर अजून क्रूर, तीन फुटाऐवजी दोन फुटी फळी असती तर तेवढ्याच दाटीने पुस्तकं लावूनही ती पाचव्या हिश्श्याइतकीच वाकली असती. पण ते कपाट बनवताना सुचायला हवं होतं.

मला कपाट न बदलता भागवायचं होतं म्हणून पट्टी लावली. सागाची, 18 जाड आणि 40 उंच, फळीच्या पुढच्या कडेखाली उभी. आडवी लावली तर काही उपयोग नाही, उभी उंचीच कामाला येते. फळीचं पोट वर करून तिच्यावर वजन ठेवून ती आधी सरळ केली, जिथे पट्टी येणार तिथलं लॅमिनेट पॉलिशपेपरने खरवडलं कारण फेविकॉल त्या गुळगुळीत पृष्ठभागावर धरत नाही, मग वरून फळीतून खाली पट्टीत दर 15 सेंटिमीटरवर स्क्रू. आधी बारीक भोक पाडायचं नाहीतर बोर्ड फुगतो आणि पट्टी चिरते.

इथे माझी एक चूक झाली. पुढची कड ताठ झाली, मागची नाही, महिन्याभरात फळी मागे झुकायला लागली आणि पुस्तकं आत कलंडलेली. मग मागेही तशीच पट्टी लावली. समोरून ती दिसत नाही, म्हणून ती पॅकिंगच्या खोक्याच्या फुकटच्या लाकडाची आहे, आईला सांगू नका.

परवा सहा महिन्यांनी आईने पुन्हा दोरा आणला. 2 मिलिमीटर. तिने मान हलवली, दोरा गुंडाळला आणि खालच्या फळीसमोर जाऊन उभी राहिली.